कीटकनाशक फवारणीचा दिवस : कुटुंबांसाठी सूचना
लहान मुले, पाळीव प्राणी आणि साठवलेले अन्न यांची काळजी

हिवतापाचा प्रादुर्भाव असलेल्या गावांत व वस्त्यांत डासांच्या नियंत्रणासाठी घरांच्या आतील भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी केली जाते. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड, ईशान्येकडील राज्ये आणि महाराष्ट्रातील गडचिरोली यांसारख्या वनक्षेत्रांतील रहिवाशांना ही फवारणी परिचित आहे. आपल्या वस्तीसाठी ठरलेला दिवस आरोग्य कर्मचारी किंवा आशा कार्यकर्ती आगाऊ कळवतात. त्या दिवशी काय करावे आणि का करावे, हे या पत्रकात दिले आहे.

फवारणी काम कसे करते

हिवतापाचा प्रसार करणारे अनेक डास रक्त शोषल्यानंतर जड होतात आणि जवळच्या भिंतीवर विसावतात. भिंतीवर कीटकनाशकाचा पातळ थर असल्यास त्याच्या स्पर्शाने डास मरतो. त्यामुळे एका रुग्णाकडून दुसऱ्या व्यक्तीकडे होणारा प्रसार थांबतो. फवारणीनंतरही घरात डास दिसू शकतात, कारण हा थर डासांना आत येण्यापासून रोखत नाही. म्हणून गावातील जवळजवळ सर्व घरांत फवारणी झाली, तरच तिचा उपयोग सर्वांना होतो. मच्छरदाणीचा वापर मात्र चालू ठेवावा.

या तत्त्वातून दोन गोष्टी निघतात. औषध भिंतीवर टिकले पाहिजे. आणि ते जमिनीवर, भांड्यांत, अन्नात किंवा मुलांच्या हाताला लागता कामा नये. पुढील सर्व सूचना या दोन गोष्टींसाठीच आहेत.

औषधाचे प्रमाण

अनेक ठिकाणी डेल्टामेथ्रिन 2.5 टक्के ही पाण्यात मिसळणारी भुकटी वापरली जाते. 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम भुकटी मिसळून सुमारे 500 चौरस मीटर पृष्ठभाग फवारला जातो. एखाद्या घराच्या भिंती व छत मिळून 150 चौरस मीटर असतील, तर त्या घरासाठी सुमारे 3 लिटर मिश्रण लागते आणि त्यात प्रत्यक्ष कीटकनाशक केवळ 3 ग्रॅम असते. भिंतीवर वाळलेल्या अवस्थेत हे प्रमाण अल्प आहे. तेच मिश्रण उघड्या पिठात किंवा पाण्याच्या माठात पडले, तर ते थेट पोटात जाते. खबरदारी त्यासाठीच आहे.

फवारणीपूर्वी

शिजवलेले अन्न, पीठ, दूध, भाजीपाला, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची भांडी, मुलांची खेळणी व अंथरूण-पांघरूण घराबाहेर नेऊन झाकून ठेवावे. घट्ट झाकणाचे डबे व बरण्याही बाहेर न्याव्यात. धान्याची जड कणगी किंवा पोत्यांची थप्पी हलवता येत नसेल, तर ती भिंतीपासून शक्य तितकी दूर करून प्लास्टिकच्या कापडाने जमिनीपर्यंत पूर्ण झाकावी. पलंग, कपाट यांसारख्या वस्तू खोलीच्या मध्यभागी आणून झाकाव्यात, म्हणजे भिंती मोकळ्या होतील.

गाई-बैल व शेळ्या गोठ्याबाहेर, घरापासून दूर बांधाव्यात. गव्हाणीतील चारा व पाण्याची भांडी काढून घ्यावीत. कुत्रा व मांजर बांधून किंवा बंद ठेवावे आणि कोंबड्या डालग्याखाली झाकाव्यात. हे औषध माशांना अत्यंत घातक आहे; मत्स्यपेटी असल्यास ती बाहेर न्यावी. मधमाश्या किंवा रेशीमकिडे पाळत असल्यास पथकाला आधीच सांगावे.

हलवता न येणारा रुग्ण ज्या खोलीत आहे, ती खोली फवारू नये. अशी व्यक्ती घरात असल्यास पथकप्रमुखाला तसे स्पष्ट सांगावे.

स्वयंपाकघर व देवघर वगळू नये

अन्नाच्या काळजीने किंवा श्रद्धेपोटी अनेक कुटुंबे या दोन जागा फवारू देत नाहीत. परंतु अंधाऱ्या, शांत कोपऱ्यांत डास अधिक विसावतात. अन्न, भांडी, मूर्ती व पूजेचे साहित्य बाहेर नेल्यावर या भिंती फवारण्यास हरकत नसावी. गोठाही फवारून घ्यावा.

फवारणीनंतर

फवारणी चालू असताना कोणीही घरात थांबू नये. ती संपल्यावर भिंती पूर्ण वाळेपर्यंत, किमान 2 तास, सर्वांनी बाहेर राहावे. पुढील क्रम एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

एका घरात रांगणारे बाळ, एक मांजर आणि चार कोंबड्या आहेत. सकाळी 10 वाजता फवारणी संपली. दुपारी 12 वाजता भिंती वाळल्याची खात्री करून घरातील एका प्रौढ व्यक्तीने खिडक्या-दारे उघडली, मेलेले कीटक व धूळ झाडून काढली आणि हा केर विहीर व ओढ्यापासून दूर खड्ड्यात पुरला. नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसली, ते पाणीही त्याच खड्ड्यात टाकले आणि साबणाने हात धुतले. मातीची जमीन असती, तर काळजीपूर्वक झाडणे पुरेसे होते. भिंतींना मात्र हात लावला नाही. त्यानंतरच बाळाला आत आणले, कारण रांगणारे मूल हात जमिनीला लावते आणि तोच हात तोंडात घालते. कोंबड्या सर्वांत शेवटी सोडल्या, कारण त्या मेलेले कीटक टिपून खातात. बाळाचा पाळणा भिंतीपासून दूर ठेवला.

भिंतीवर दिसणारे पांढरट, एकसारखे डाग म्हणजे फवारणी नीट झाल्याची खूण आहे. ते पुसू नयेत. औषधाचे ओघळ दिसत असतील किंवा भिंतीचा मोठा भाग कोरडा राहिला असेल, तर पथक तेथे असतानाच पर्यवेक्षकाला दाखवावे. पुढील सुमारे अडीच ते तीन महिने भिंती सारवू, लिंपू किंवा रंगवू नयेत. एका हाताच्या सारवणाने संपूर्ण थर झाकला जातो. सण किंवा लग्नकार्य जवळ असेल, तर सारवण व रंगकाम फवारणीपूर्वीच करून घ्यावे.

फवारणीनंतर ढेकूण बाहेर पडलेले दिसू शकतात. औषधामुळे ते अस्वस्थ होऊन फटींतून बाहेर येतात; औषधाने ते वाढत नाहीत.

हे कदापि करू नये

उरलेली भुकटी ढेकणांसाठी, उवांसाठी किंवा धान्यात मिसळण्यासाठी मागू नये. धान्यात मिसळलेले औषध पोटात जाते आणि डोक्याला लावलेले औषध मुलांच्या डोळ्यांत व तोंडात जाते. औषधाचे रिकामे पुडे व डबे घरात वापरू नयेत. शिजवलेले अन्न, पीठ किंवा पाणी उघडे राहून त्यावर औषध पडले असल्यास ते टाकून द्यावे. जनावरांनाही घालू नये.

त्रास झाल्यास

शिंका येणे किंवा चेहऱ्याच्या त्वचेला झिणझिण्या येणे असा त्रास काहींना होतो. अशा वेळी मोकळ्या हवेत जावे व साबण-पाण्याने त्वचा धुवावी. डोळ्यांत औषध गेल्यास डोळे 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. मुलाच्या पोटात औषध गेल्यास उलटी करवू नये. तत्काळ दवाखान्यात न्यावे किंवा 112 वर संपर्क साधावा.

सर्व ठिकाणी एकच औषध वापरले जात नाही आणि औषधानुसार उपचार बदलतो. म्हणून फवारणीच्या दिवशी पथकाकडून औषधाचे नाव विचारून लिहून ठेवावे आणि गरज पडल्यास ते डॉक्टरांना दाखवावे. पुढील काळात घरात कोणासही ताप आल्यास त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशा कार्यकर्तीकडे रक्ततपासणी करून घ्यावी.