नेमणुकीच्या पत्रातला शब्द नीट वाचा



बेणे घेताना आपण डोळा तपासूनच कांडी लावतो. पण मुलाच्या नोकरीचे पत्र आले की फक्त आकडा पाहतो आणि घडी करून ठेवतो. त्या आकड्याला पत्रात काय म्हटले आहे, ते पाहणे तितकेच गरजेचे आहे.

मजुरी ही केलेल्या कामाची, दिवसावर किंवा मापावर ठरते. आपली ऊसतोड टनावर असते, तीही मजुरीच. पगार महिन्यावर ठरतो आणि हक्काची रजा घेतली तर कापला जात नाही.

खरी फसगत होते ती विद्यावेतनात. समजा, आयटीआय झालेल्या मुलाला दोन पत्रे आली. एकात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये, दुसऱ्यात विद्यावेतन 12,500. वरवर दुसरे बरे वाटते. पहिल्या ठिकाणी भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये कापले जातील आणि हाती 10,560 येतील. पण तेवढेच 1,440 मालकही भरतो. असे वर्षाला 34,560 रुपये मुलाच्या नावे निधीत व पेन्शनीत जमा होतात. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालचा मुलगा कामगार नसून शिकणारा असतो. त्याला हा फंड नाही, आणि करारात तसे लिहिले नसेल तर शिक्षण संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही.

म्हणून विद्यावेतन वाईट असे नव्हे. हाताला काम शिकायला मिळते, परीक्षा पास झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. मात्र कराराची सरकारदरबारी नोंद झाली आहे का, हे आधी विचारा. नोंद नाही, शिकवणारा कोणी नाही आणि पहिल्या दिवसापासून पाळीचे पुरे काम घेतात, तर ते विद्यावेतन नुसते नावाचे समजावे.

मानधन हे मुळात पोटासाठीच्या नोकरीचे दाम नव्हे. मेळाव्यात व्याख्यान देणाऱ्या तज्ज्ञाला आपण देतो ते मानधन. पण शब्दाआड नोकरीही असू शकते. अंगणवाडी सेविकांना मानधनच मिळते, तरी त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला.

राहिला रिटेनर. वकिलाला दरमहा ठराविक रक्कम देतात, ती गरज पडेल तेव्हा तो हजर राहावा म्हणून. तो नोकर होत नाही, त्याला फंड नाही, रजा नाही. हंगामी कामगारांना गाळप बंद असताना मिळणारा रिटेन्शन भत्ता मात्र वेगळा. तो नोकरीतल्या माणसालाच, पुढच्या हंगामाला परत यावा म्हणून देतात.

तेव्हा सही करण्याआधी मुलाने एवढे तीन प्रश्न विचारावेत : फंड कापणार का, भरपगारी रजा किती, आणि मुदत संपल्यावर पुढे काय? उत्तरे तोंडी नकोत, पत्रात लिहून घ्यावीत.

— ऊस विकास अधिकारी