पाताळातलं माहेर

प्रश्न : आर्वी तालुक्यातल्या एका वाचक भगिनी विचारतात, “नागपंचमीच्या कहाणीतली धाकटी सून पाताळात जाऊन परत येते. ग्रीकांच्या आणि इतरांच्या पुराणकथांतही नायक खाली जाऊन येतो म्हणे. पण पाताळ म्हणजे नरकच ना? मग तिथे माहेर कसं असेल? आणि या जाण्यायेण्याचा अर्थ तरी काय?”

उत्तर : तुमच्या प्रश्नात एक गाठ आधीच बसली आहे, ती सोडवू म्हणजे बाकीचं सोपं होईल. पाताळ आणि नरक या आपल्याकडे दोन वेगळ्या जागा आहेत. विष्णुपुराणात पृथ्वीखाली सात पाताळं सांगितली आहेत आणि तिथून फिरून आलेले नारद स्वर्गातल्या मंडळींना सांगतात की पाताळ स्वर्गापेक्षाही रमणीय आहे. नागांच्या मण्यांचा तिथे उजेड असतो, वस्ती सुखवस्तू असते. पापाचे हिशेब होतात ते नरकात, आणि त्याचं वर्णन पुराणकार वेगळ्या अध्यायात करतात. आपल्या बोलण्यात मात्र खालचं ते सगळं वाईट, असं होऊन बसलं आहे.

म्हणून सुनेचं माहेर पाताळात असणं कहाणीला मुळीच खटकत नाही. श्रावण लागतो, जावा आपापल्या माहेरी जातात, धाकटीला मात्र माहेरचं कोणीच नसतं. ती मनाशी नागोबालाच माहेरचा माणूस मानते. शेषाला तिची दया येते. तो ब्राह्मणाच्या वेशात येऊन तिला मागून घेतो, वारुळापाशी खरं रूप दाखवतो आणि फणीवर बसवून खाली नेतो. तपशील घरोघरी थोडे बदलतात, पण इथपर्यंत सगळं गोडच असतं.

बिघडतं ते पुढे. नागीण बाळंत होत असताना सुनेला हातात दिवा धरायला सांगतात. पिल्लं वळवळताना पाहून ती घाबरते, दिवा हातातून पडतो आणि पिल्लांची शेपटं भाजतात. नागीण संतापते. शेष सुनेला सासरी पोचवून देतो खरा, पण भाजल्या शेपटांची गोष्ट खालीच राहते. पिल्लं मोठी होतात, आपण लांडे कशाने झालो ते आईला विचारतात आणि सूड घ्यायला सुनेच्या घरी येतात. तो दिवस नेमका नागपंचमीचा. सुनेने पाटावर नाग काढलेले असतात, दूध-लाह्यांचा नैवेद्य ठेवलेला असतो, आणि आपले भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत, असं ती म्हणत असते. हे ऐकून आलेल्यांचा राग उतरतो. रात्री ते तिथेच राहतात आणि पहाटे दुधाच्या भांड्यात नवरत्नांचा हार टाकून निघून जातात.

आता ही कहाणी बाहेरच्या कथांशेजारी ठेवू. सुमेरी देवी इनान्ना पाताळात उतरते तेव्हा सात दारं लागतात आणि प्रत्येक दारी तिला अंगावरचं एकेक काही उतरवून द्यावं लागतं. शेवटी तिचं प्रेतच होऊन खुंटीला टांगलं जातं. देव तिला जिवंत करवतात, पण पाताळाचा नियम असा की सुटायचं तर बदली माणूस द्यायला हवा. वर येऊन पाहते तो तिचा पती दुमुझी दुखवटा न धरता थाटात बसलेला! ती त्यालाच देऊन टाकते. पुढे तो आणि त्याची बहीण अर्धं अर्धं वर्ष आळीपाळीने खाली राहतात. या कथेच्या मातीच्या पाट्या साधारण पावणेचार हजार वर्षांच्या आहेत. ग्रीकांची पर्सेफोनी पाताळात डाळिंबाचे दाणे खाते, म्हणून दरवर्षी काही महिने तिला परत जावं लागतं.

सांगायचा मुद्दा असा की या कथांत नुसतं उतरणं कोणालाही जमतं, अडतं ते परतताना. खाली काही खाल्लं, मोडलं किंवा भाजलं, तर त्याची बाकी वरपर्यंत पाठलाग करते. इनान्ना ती बाकी दुसऱ्याचा जीव देऊन फेडते, पर्सेफोनी आपल्या आयुष्यातले महिने देऊन. आपली सून मात्र काहीच देत नाही. ज्यांचं तिच्या हातून नुकसान झालं त्यांना ती भाऊ म्हणते आणि त्यांचं भलं चिंतते, एवढ्यावर हिशेब मिटतो. माझ्या मते कहाणीचा जीव इथे आहे. पाताळात जाऊन आल्याने ती मोठी होत नाही, खालच्यांशी जोडलेलं नातं ती वर आल्यावरही पाळते म्हणून मोठी होते.

कठोपनिषदातल्या नचिकेत्याच्या कथेत तर हा हिशेब उलटा फिरतो. तो यमाच्या घरी जातो तेव्हा यम बाहेर गेलेला असतो आणि मुलगा तीन रात्री उपाशी राहतो. अतिथी उपाशी राहिला म्हणून देणेकरी होतो तो यमच, आणि तीन रात्रींबद्दल तीन वर देतो. तिसऱ्या वराचं, म्हणजे मृत्यूच्या रहस्याचं, सगळेच बोलतात, पण पहिला वर पाहा : परत गेल्यावर वडिलांचा राग शांत व्हावा आणि त्यांनी मला ओळखावं. पोराने आधी परतीची सोय केली! विनोबांनी 1923 मध्ये वर्ध्यातून ‘महाराष्ट्र धर्म’ सुरू केलं तेव्हा उपनिषदांवरच लिहिलं होतं, त्यामुळे नचिकेता आपल्या जिल्ह्याला परका नाही.

सावित्रीला मात्र या रांगेत बसवू नका. महाभारतातली सावित्री यमलोकात जातच नाही. ती वनातून यमाच्या मागे चालत राहते, बोलत राहते आणि वाटेतूनच सत्यवानाचे प्राण घेऊन फिरते.

या कथा एकमेकांकडून उचलल्या का? सुमेर आणि ग्रीस यांच्यात देवाणघेवाण झाली असणं शक्य आहे, पण नागपंचमीच्या कहाणीला बाहेरून काही आणायची गरज नव्हती. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. पावसात बिळांत पाणी शिरतं, साप वर येतात, उंदीर-बेडकांमागे शेतात आणि घराच्या कडेला फिरतात. नेमकं त्याच दिवसांत कपाशीचं निंदण-डवरण चालू असतं. खालची आणि वरची वस्ती वर्षातून एकदा अशी समोरासमोर येते, आणि कोणाचं तरी शेपूट दुखावतंच. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं-तळायचं नाही.

जोसेफ कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली एका पुस्तकात मांडलं की नायक खाली जातो, झगडतो आणि समाजासाठी काही वरदान घेऊन परततो. आराखडा उपयोगी आहे, सिनेमावाल्यांना तर फारच आवडला. पण आपल्या सुनेला तो अंगाला बसत नाही. ती कोणाशी झगडत नाही, आणि हार मिळतो तो खूप नंतर, स्वतःच्या घरी. कथा आराखड्यात बसवायला लागलो की असे धागे आधी तुटतात.

शेवटी पत्राच्या कडेला लिहिलेला प्रश्न : पचमढीचं नागद्वार खरंच पाताळाचं दार आहे का? नागपंचमीच्या आधी विदर्भातून हजारो लोक ती यात्रा करतात, त्यात वर्ध्याचेही असतात. सातपुड्याचा तो भाग वालुकाश्माचा आहे. पाण्याने खडक झिजून तिथे गुहा आणि कपारी झाल्या आहेत, आणि यात्रेकरू डोंगर चढत-उतरत त्या गुहांपर्यंत पोचतात. गुहा आत थोड्या अंतरावर संपते हे जाणाऱ्यांना ठाऊक असतं, तरी श्रद्धेने ते तिला नागलोकाचं दार म्हणतात. तुम्ही जाणार असाल तर पावसात दगड फार निसरडे होतात, पायात पकड असलेलं काही घाला.