जाहिरातीत बदल केला की मेसेज कमी-जास्त का होतात?

मैत्रिणींनो, आपल्यातले बरेच गट आता आंबेमोहर, पापड, मसाले विकायला फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात लावतात. बैठकीत हमखास प्रश्न येतो: "ताई, काल सात जणांनी विचारलं, आज तीनच. जाहिरात बिघडली का?" बहुतेक वेळा ती बिघडलेली नसते. उत्तर `Ads Manager` मध्येच लिहिलेलं असतं, फक्त ते वाचता यायला हवं.

`Ads Manager` मध्ये `Ad sets` उघडा आणि `Delivery` नावाचा रकाना बघा. तिथे `In review` असेल तर जाहिरात अजून तपासणीत आहे, लोकांना दिसतच नाही. तपासणी बहुधा 24 तासांच्या आत होते. `Learning` असेल तर जाहिरात चालू आहे, पण कोणाला दाखवावी हे यंत्रणा अजून शिकते आहे. शिकणं संपलं की नुसतं `Active` दिसतं.

शिकते म्हणजे काय? समजा, आपली एक ताई कोथरूडच्या सोसायट्यांत तांदूळ घेऊन पहिल्यांदा गेली. कुठल्या इमारतीत घेतात, कुठे दारच उघडत नाहीत, हे तिला चार-सहा दिवसांनी कळतं. तेवढ्यात तिला बाणेरला पाठवलं तर परत पहिल्यापासून. यंत्रणेचंही तसंच. मोठा बदल केल्यावर साधारण एका आठवड्यात 50 निकाल मिळाले की तिचं शिकणं संपतं. आपण मेसेजसाठी जाहिरात लावली असेल, तर निकाल म्हणजे मेसेज सुरू करणारी माणसं.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजायला घेतलेत. पौडच्या एका गटाने आंबेमोहरची जाहिरात रोज 200 रुपयांवर लावली. सोमवारी 3 मेसेज, मंगळवारी 5, बुधवारी 6. चांगलं चाललं होतं. बुधवारी रात्री कोणीतरी म्हणालं, फोटो बदलू. नवा फोटो म्हणून जाहिरात पुन्हा तपासणीत गेली, गुरुवारी 2 मेसेज. सगळ्या घाबरल्या आणि रात्री कोथरूडऐवजी पूर्ण पुणे शहर निवडलं. शुक्रवारी 7, शनिवारी 3.

सहा दिवसांत 26 मेसेज आले, 1200 रुपये गेले, म्हणजे एका मेसेजला साधारण 46 रुपये. पण यंत्रणेचा हिशेब वेगळा आहे. तिच्या खात्यात गुरुवार रात्रीनंतरचे 10 मेसेजच जमा आहेत. आधीची मोजणी दोनदा पुसली गेली. शुक्रवारचे 7 बघून "पुणे शहर भारी" म्हणणं चूक, आणि शनिवारचे 3 बघून ते बंद करणंही चूक. शिकण्याच्या काळात एका दिवसाचा आकडा असाच वरखाली होतो.

फोटो, मजकूर, भाग, वय, कोणता निकाल हवा, यातलं काही बदललं किंवा त्याच संचात नवी जाहिरात टाकली तर मोजणी पुन्हा सुरू होते. सात दिवस किंवा जास्त बंद ठेवून चालू केली तरी तेच. बजेटचं मात्र किती बदललं यावर आहे. 100 चे 101 केले तर फरक पडत नाही, 100 चे 1000 केले तर पडू शकतो. नुसतं जाहिरातीचं नाव बदलल्याने काही होत नाही.

आणखी एक शब्द दिसेल, `Learning limited`. आपल्या गटांना हाच जास्त दिसतो. म्हणजे या गतीने आठवड्यात 50 होणार नाहीत. वरच्या गटाचंच बघा. 46 रुपयांनी 50 मेसेज म्हणजे 2300 रुपये, दिवसाला जवळजवळ 330. आपण 200 लावले तर आठवड्याला तीसच येतात. हा दंड नाही, जाहिरात चालूच राहते, फक्त मेसेजचा भाव स्थिर राहत नाही. दोन लहान संच चालवत असाल तर ते एकत्र करा, कारण मोजणी प्रत्येक संचाची वेगळी होते. शब्द जावा म्हणून गटाचे पैसे वाढवू नका. आधी बघा, 26 जणींतल्या किती जणींनी तांदूळ घेतला. पाच जणींनी घेतला असेल तर एका गिऱ्हाइकाला 240 रुपये जाहिरातीचे पडले. तेवढं तुमच्या पिशवीत सुटतं का? नसेल सुटत, तर शिकणं पूर्ण होऊनही एकदम नफा होईल असं नाही.

किंमत किंवा फोन नंबर चुकला असेल, माल संपला असेल, तर थांबू नका, लगेच बदला. बाकी बदल सुचतील तसे वहीत लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदाच, सगळे एकत्र करा. वहीत तारीख, काय बदललं, `Delivery` मध्ये काय दिसलं आणि आठवड्याचे एकूण मेसेज, एवढे चार रकाने पुरेत. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, म्हणजे कोणत्या बदलाने काय झालं ते सगळ्या मिळून बघता येईल.