पहिल्या आठवड्यातील शिकण्याचे टिपण

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याने आपल्या वरिष्ठांबरोबर बसून, या काळात नेमके काय करायला शिकायचे हे अर्ध्या पानावर लिहून काढणे म्हणजे शिकण्याचे टिपण. हे टिपण नसेल तर कार्यालयात त्या त्या क्षणी जे काम पुढे येते तेच विद्यार्थ्याच्या वाट्याला जाते: झेरॉक्स, कुरिअर, बँकेत चेक भरणे, फायलींवर नावे टाकणे. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. नव्या मुलाला काय द्यायचे याचा विचार करायला कामाच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो, इतकेच.

टिपण कसे तयार होते हे एका उदाहरणावरून पाहता येईल. महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कार्यानुभव, 4 श्रेयांकांचा असतो आणि त्यासाठी साधारण 120 तास भरावे लागतात. समजा, इचलकरंजीतील एक विद्यार्थिनी तिथल्याच एका करसल्लागाराच्या कार्यालयात 8 जूनला, सोमवारी, रुजू झाली. रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस, असे सहा आठवडे धरले तर 17 जुलैला तिची मुदत संपते. कार्यालयाचे अशील बहुतेक सूत आणि कापडाचे व्यापारी.

टिपणाचा पहिला मसुदा बहुतेक विद्यार्थी असा लिहितात: ‘जीएसटी शिकणे, टॅली शिकणे, कार्यालयीन शिस्त अंगी बाणवणे.’ असा मसुदा निरुपयोगी ठरतो, कारण हे शिकून झाले की नाही ते कुणालाच सांगता येत नाही. कामाचे उद्दिष्ट लिहिताना चार गोष्टी याव्या लागतात: हातून काय तयार होणार, कोणत्या अशिलाच्या कागदांवरून, कोणत्या तारखेपर्यंत आणि ते कोण तपासणार. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे. चूक कुणी दाखवलीच नाही, तर महिनाभर बिलांच्या नोंदी करूनही हाताला फक्त वेग येतो.

तारखा ठरवताना कार्यालयाचे कॅलेंडर आधी पाहावे लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या अशिलांचे जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जाते. 14 तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-2बी तयार होते. पुरवठादारांनी आपल्या नावावर कोणती बिले दाखवली आहेत, हे त्यातून कळते. 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरून कर चुकता करायचा असतो. या विद्यार्थिनीच्या पहिल्याच आठवड्यात, गुरुवारी, 11 तारीख येते. त्या दिवशी टिपण घेऊन वरिष्ठांसमोर उभे राहिले तर ‘नंतर बघू’ हेच उत्तर मिळणार. म्हणून तिने मंगळवारीच विचारून ठेवले, “सर, शुक्रवारी अकराला पंधरा मिनिटं मिळतील का? काय शिकायचं ते लिहून आणते, तुम्ही फक्त दुरुस्त करा.” पंधरा मिनिटांना नाही म्हणणारे वरिष्ठ थोडे. ‘मला काय शिकवणार?’ असे विचारले तर मात्र त्यांनाच विचार करावा लागतो आणि ते लांबणीवर पडते.

सोमवार ते बुधवार तिने फक्त पाहिले आणि कोण काय काम करते ते वहीत टिपले. त्यातून तीन उद्दिष्टे निघाली. पहिले: 19 जूनपर्यंत एका सूतव्यापाऱ्याची महिन्याची खरेदीची बिले टॅलीत बिनचूक नोंदवणे. त्यात पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि कराचा प्रकार दोन्ही आले, कारण सूत सुरतेहून आले तर आयजीएसटी लागतो आणि महाराष्ट्रातलेच असेल तर सीजीएसटी व एसजीएसटी. दुसरे: 3 जुलैपर्यंत त्याच व्यापाऱ्याच्या एप्रिल महिन्याची खरेदी जीएसटीआर-2बीशी जुळवणे. तिसरे: 14 जुलैनंतर जून महिन्याचे हेच वर्किंग स्वतः करून तपासायला देणे.

दुसऱ्या उद्दिष्टासाठी मुद्दाम जुना महिना निवडलेला आहे. एप्रिलचे काम कार्यालयाने आधीच पुरे केलेले असते. त्यामुळे विद्यार्थिनीची चूक अशिलाला भोवत नाही आणि तिची यादी कार्यालयाच्या यादीशी ताडून पाहता येते. समजा, खरेदीच्या नोंदीत 62 बिले आहेत आणि 2बीमध्ये 57. उरलेल्या पाचांचा शोध हेच खरे शिक्षण. दोन पुरवठादारांनी विवरणपत्रच भरलेले नसते, दोन बिले पुढच्या महिन्यात दाखवलेली असतात आणि एका बिलात पुरवठादाराने व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांकच चुकवलेला असतो. बिल 2बीमध्ये दिसल्याशिवाय त्यावरच्या कराची वजावट घेता येत नाही, म्हणून प्रत्येक फरकापुढे पुढची कृती वेगळी लिहावी लागते. कुणाला फोन करायचा, कुठले बिल पुढच्या महिन्यासाठी ठेवायचे, कुणाला दुरुस्ती करायला सांगायची, हे पुस्तकात वाचून येत नाही.

शुक्रवारी वरिष्ठांनी दोन बदल केले. तिसऱ्या उद्दिष्टात तिने ‘3बी भरणे’ही लिहिले होते, ते त्यांनी खोडले. विवरणपत्र भरणे, पोर्टलचा पासवर्ड आणि ओटीपी ही अशिलाची व सल्लागाराची जबाबदारी आहे. इंटर्नची हद्द वर्किंगपर्यंत, आणि ती टिपणात लिहिलेली असणे दोघांच्याही हिताचे. शिवाय 14 ते 17 जुलै असे चारच दिवस हातात राहतात हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून मोठ्या अशिलाऐवजी वीस-पंचवीस बिलांचा अशील ठरला. कुरिअर आणि बँकेची कामे टिपणातून काढलेली नव्हती. चार तासांतला दीड तास उद्दिष्टांच्या कामाला आणि बाकी वेळ कार्यालय सांगेल त्याला, अशी सरळ वाटणी लिहिली गेली. छोट्या कार्यालयात वरकामे सगळेच करतात, आणि ती नाकारणारा इंटर्न शिकवण्याच्या यादीतूनही बाहेर पडतो. त्याच संध्याकाळी तिने टिपण वरिष्ठांना ईमेलने पाठवले आणि प्रत महाविद्यालयातील मार्गदर्शकांना दिली.

टिपण नुसते कागदावरच राहत चालले आहे हे रोजच्या वहीवरून ओळखता येते. तारीख, काम, लागलेला वेळ आणि ‘कुणी तपासले’ असे चार रकाने पुरतात. शेवटचा रकाना सलग आठवडाभर रिकामा राहिला, तर तक्रार न करता नेमकी विनंती करावी: “सर, एप्रिलची यादी तयार आहे. उद्या दहा मिनिटं बघाल का?” वरिष्ठ खरोखरच व्यग्र असतील, तर तपासण्याचे काम कार्यालयातल्या अनुभवी लेखनिकाकडे सोपवायला सांगावे. जुळणी त्यांच्याइतकी चोख सहसा कुणाची नसते.

पालकांनी यात कार्यालयात फोन करू नये. ‘आमच्या मुलीला झेरॉक्स काढायला लावता’ असा एक फोन आला की तिला पुढे कुणी कामच सांगत नाही. त्यापेक्षा पहिल्या शुक्रवारी रात्री ते अर्धे पान बघायला मागावे, आणि तपासणाऱ्याच्या नावाची जागा कोरी असेल तर सोमवारी सकाळी ती भरून घ्यायला सांगावे.