नळीतून अन्न घेणाऱ्या रुग्णाला जुलाब होतात तेव्हा

लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना घरी नाकातल्या नळीतून पेज देत असत. चौथ्या दिवशी त्यांना पाच-सहा वेळा पातळ शौच झाली. घरच्यांनी घाबरून अन्नच थांबवले. तसे करू नये. आधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, वेग. दट्ट्या दाबून २५० मिली पेज दोन-तीन मिनिटांत ढकलू नये. रुग्णाचे डोके उंच ठेवून, दट्ट्या काढून, ती २० ते ३० मिनिटांत आपोआप उतरू द्यावी.

दुसरी, स्वच्छता. हात साबणाने धुवावेत. सिरिंज व भांडे दर वेळी साबण आणि गरम पाण्याने धुऊन वाळवावे. सकाळची उरलेली पेज दुपारी देऊ नये.

तिसरी, औषधे. आजोबांना बद्धकोष्ठतेसाठी दिलेले लॅक्टुलोज सिरप जुलाब लागल्यावरही चालूच होते. डॉक्टरांनी ते थांबवल्यावर शौच घट्ट होऊ लागली. अँटिबायोटिकने आणि मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडनेही जुलाब होतात. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका. सगळ्या बाटल्या डॉक्टरांना दाखवा. नळीतून ओआरएस किती द्यायचे, तेही विचारा.

शौचात रक्त, ताप, कमी लघवी किंवा गुंगी दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.