शाळा बंद पडली तर: भिंत आणि वही

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मोबाईल नसलेल्या मुलांपर्यंतही अभ्यास पोहोचला. पूर, ऊन किंवा साथ आली तर आपल्या हसनाबादेतही हे जमेल.

पण मुलाचं कुठं चुकतंय, हे भिंत सांगत नाही. म्हणून भिंतीवरची पाच गणितं वहीत सोडवायला सांगा आणि दर शनिवारी वह्या गोळा करा. समजा, ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं. म्हणजे मुलानं ७ मधून २ वजा केले. दशक सुटा करायचं राहिलं. त्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवा.

एका गल्लीत सगळ्यांच्या चुकाही सारख्याच दिसल्या, तर वह्या उतरवल्यात समजा. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाला वेगळे आकडे द्या.