घटक ३ : प्रारंभ बैठकीतील परिचय – एका व्यक्तीला एक वाक्य

३.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• परिचयाच्या वाक्यात कोणती माहिती असावी, हे सांगता येईल.
• अशा वाक्यातील कर्ता, क्रियापद आणि आदरार्थी रूपे तपासता येतील.

३.२ प्रास्ताविक

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर हे गाव श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. अशा एखाद्या कारखान्यात ऊसनोंद, वजनकाटा आणि ऊसबिल यांसाठी नवी संगणक प्रणाली बसवायची आहे, असे समजू. कामाच्या पहिल्या बैठकीस कार्यकारी संचालक, शेतकी अधिकारी, काट्यावरील लिपिक आणि मुख्य लेखापाल उपस्थित आहेत. प्रणाली करणाऱ्या संस्थेचे पाचजण समोर बसले आहेत. त्यांचा परिचय कसा करून द्यावा, हा या घटकाचा विषय आहे.

ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हंगाम सुरू झाल्यावर काट्याची नोंद अडली, तर कोणाला बोलवायचे हे शोधण्यात वेळ घालवता येत नाही. म्हणून ऐकणाऱ्याला समोरच्या माणसाच्या पदवीपेक्षा त्याचे काम समजणे अधिक गरजेचे असते.

३.३ विषय विवेचन

३.३.१ वाक्याची घडण

सामान्यतः असा परिचय ऐकू येतो : “हे आमचे सीनियर डेव्हलपर, बारा वर्षांचा अनुभव, डेटाचे काम पाहतात.” ‘पाहतात’ या क्रियापदातून काम करणे, देखरेख करणे की मंजुरी देणे, यांपैकी काहीच निश्चित होत नाही. ‘डेटा’ म्हणजे काय, हेही शेतकी अधिकाऱ्यास कळत नाही. चांगल्या वाक्याचे दोन भाग असतात : ही व्यक्ती काय करणार, आणि तिला केव्हा गाठायचे. नावानंतर पुढील वाक्ये योजता येतील :

• “या आमच्या प्रकल्पप्रमुख, वेळापत्रकात बदल हवा असल्यास तो यांच्याशी ठरवावा.”
• “हे जुनी ऊसनोंद नव्या प्रणालीत आणतील, सभासदाचे नाव किंवा क्षेत्र चुकलेले दिसल्यास यांना कळवावे.”
• “या वजनकाटा संगणकाला जोडतील, काट्यावरचे आणि पावतीवरचे वजन जुळले नाही, तर प्रथम यांना फोन करावा.”
• “हे ऊसबिलाची आकारणी बसवतील, कपातीत फरक आढळल्यास लेखा विभागाने यांच्याशी बोलावे.”
• “या गट कार्यालयांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देतील; प्रशिक्षणाचे दिवस यांच्याशी ठरवावेत.”

प्रमुखांनंतरचा क्रम हुद्द्यांचा नसून उसाच्या प्रवासाचा आहे : नोंद, काटा, बिल. श्रोत्यांना हा क्रम आधीच पाठ असल्यामुळे माणसे लक्षात राहतात.

३.३.२ तीन व्याकरणिक कसोट्या

पहिली कसोटी कर्त्याची. “नोंदी तपासल्या जातील” या कर्मणी रचनेत कर्ता लुप्त होतो आणि त्याबरोबर जबाबदारीही. परिचयाच्या वाक्यात कर्तरी प्रयोगच हवा.

दुसरी कसोटी सर्वनामाची. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, तर ‘आपण’ त्याला सामावून घेते. “आपण जुन्या नोंदी तपासू” असे म्हटल्यास शेतकी विभागाला वाटते, संस्था तपासेल. संस्थेला वाटते, विभाग तपासेल. म्हणून “याद्या आम्ही देऊ, तपासणी शेतकी विभागाने करावी” असे फोडून सांगावे.

तिसरी कसोटी आदरार्थी रूपांची. प्रमुखांना “हे आमचे साहेब” आणि काट्याचे काम करणाऱ्या तरुण अभियंतीला “ही आमची मुलगी” म्हटले, की ऐकणाऱ्यांना तिचा अधिकार कमी वाटतो. मग काट्याची तक्रार तिच्याकडे न जाता साहेबांकडे जाते आणि उत्तराला विलंब होतो. सर्वांसाठी ‘हे’ व ‘या’ हीच रूपे आणि अनेकवचनी क्रियापद वापरावे.

३.३.३ मर्यादा व पडताळणी

करारात नसलेले आश्वासन या वाक्यात येऊ देऊ नये. “कोणतीही अडचण हे सोडवतील” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात वचन म्हणून राहते. पुढे प्रत्यक्ष कामावर नसणाऱ्या वरिष्ठांचा परिचय द्यायचा झाल्यास “हे आजच्या बैठकीपुरते आले आहेत” असे स्पष्ट म्हणावे.

परिचय साधला की नाही, हे बैठकीच्या शेवटी कळते. काट्यावरील लिपिकास विचारावे, “पावतीवर वजन चुकले, तर आपण कोणाला फोन कराल?” त्याने एकच नाव घेतले, तर वाक्य साधले. दोन नावे आली किंवा तो प्रमुखांकडे पाहू लागला, तर ते वाक्य तिथेच पुन्हा सांगावे.

३.४ सारांश

परिचयाच्या वाक्यात काम आणि संपर्काचा प्रसंग असावा. कर्ता उघड असावा, ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद पाळावा आणि आदरार्थी रूपे सर्वांना समान असावीत.

३.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. “प्रशिक्षणाचे नियोजन केले जाईल” हे वाक्य कर्तरी प्रयोगात लिहा व अर्थात पडलेला फरक सांगा.
२. आपल्या कार्यालयातील तीन सहकाऱ्यांचा परिचय बाहेरच्या व्यक्तीस प्रत्येकी एका वाक्यात करून द्या.